मालकाला दुकान हवे आहे. भाडेकरूकडे उत्तर काय?

पेठेतल्या जुन्या दुकानदाराला मालकाच्या वकिलाची नोटीस येते, तेव्हा तिच्यातले मुख्य वाक्य बहुधा ठरलेले असते: मालकाच्या मुलाला धंदा करायचा आहे, त्यासाठी जागा हवी आहे. दुकानदाराचे उत्तरही तितकेच ठरलेले असते: गरज खोटी आहे, बाजारभावाने भाडे मिळावे म्हणून हा बहाणा आहे. मग दावा, कैफियत, उलटतपासणी, अपील असा प्रवास सुरू होतो आणि कित्येकदा ज्या मुलासाठी जागा मागितली त्याच्या डोक्यावरचे केस पिकू लागतात. अशा दाव्यांचे निकाल वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. भाडेकरू आपली बहुतेक ताकद मालकाची गरज खोटी ठरवण्यात घालवतो, आणि तिथेच तो सहसा हरतो. ज्या मुद्द्यावर कायद्याने त्याच्यासाठी खरोखर जागा ठेवली आहे, त्यावर मात्र कैफियतीत दोन ओळी असतात.

कायदा आहे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि १९४७ चा मुंबईचा कायदा, विदर्भातला १९४९ चा आदेश व मराठवाड्यातला १९५४ चा कायदा या तिघांची जागा त्याने घेतली. त्यातले कलम १६(१)(जी) सांगते की मालकाला जागा स्वतःच्या वापरासाठी वाजवीपणे आणि प्रामाणिकपणे हवी असेल, तर त्याला ताबा मिळू शकतो. वकिलांच्या तोंडी याला नुसते ‘बोनाफाईड’ म्हणतात. पण लगेच पुढे कलम १६(२) येते आणि या हक्काला लगाम घालते. ताबा दिल्याने भाडेकरूचे होणारे हाल, ताबा नाकारल्याने मालकाच्या होणाऱ्या हालांपेक्षा जास्त असतील, तर गरज खरी असूनही न्यायालयाने हुकूमनामा द्यायचा नाही. शिवाय जागेचा काही भाग दिल्याने दोघांपैकी कुणाचेच हाल होणार नसतील, तर तेवढ्याच भागाचा हुकूमनामा द्यायचा.

हे संरक्षण सगळ्यांना नाही. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्या कलम ३ ने या कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. त्यांचा करार संपला की विषय संपला. लिव्ह अँड लायसन्सवर गाळा घेतलेल्या दुकानदारानेही आपण भाडेकरू आहोत अशा समजात राहू नये. उरतो तो आपला नेहमीचा दुकानदार: वडिलांच्या वेळची भाडेपावती, महिना काही शे रुपये भाडे, आणि त्यावर वर्षाला चार टक्के वाढ.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातला एकही तुकडा न्यायालयाला नवा वाटणार नाही. तालुक्याच्या गावात मुख्य रस्त्यावर दुमजली इमारत आहे. तळमजल्यावर २० फूट रुंद आणि १८ फूट खोल, म्हणजे ३६० चौरस फुटांचे, दोन शटरचे दुकान. त्यात १९७९ पासून वह्या-पुस्तकांचा धंदा, समोर शाळा. भाडे महिना ९०० रुपये. मालक वरच्या मजल्यावर राहतो. त्याचा मुलगा डी. फार्म. झाला असून दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये नोकरी करतो. मालक दावा लावतो: मुलाला स्वतःचे औषधाचे दुकान काढायचे आहे.

मालकाने काय दाखवायचे? दावा मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात आणि अशा गावात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे जातो. भाडे कायद्याखालच्या दाव्याला भाडेपट्टा संपवणारी वेगळी नोटीस लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने धनपाल चेट्टियार खटल्यात १९७९ मध्येच ठरवून टाकले. तरी सगळे वकील नोटीस देतात, आणि तेच शहाणपणाचे. कारण नोटिशीत एक गरज आणि दाव्यात दुसरी असे झाले की उलटतपासणीत ते मालकाच्या अंगाशी येते. दाव्यात गरज कुणाची, कशासाठी, आजवर ती कशी भागत होती, मालकाच्या ताब्यात आणखी कोणत्या जागा आहेत आणि त्या का चालत नाहीत, हे सगळे हवे. शेवटची बाब मालक हटकून गाळतात. आपल्या दुसऱ्या गाळ्याचा उल्लेख आपण होऊन करून तो का उपयोगाचा नाही हे सांगणारा मालक आणि तोच गाळा उलटतपासणीत कबूल करावा लागलेला मालक, यांच्या शब्दाला न्यायाधीशांपुढे सारखे वजन राहत नाही.

गरजेच्या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत न्यायालयांचा कल मालकाकडे झुकला आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. शिवसरूप गुप्ता खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सांगितली: नुसती इच्छा पुरत नाही, गरज मनापासूनची हवी, पण ती तपासताना न्यायाधीशाने स्वतःला मालकाच्या जागी बसवून पाहावे. त्याच वर्षी महाराष्ट्रातूनच गेलेल्या दत्तात्रय कांबळे खटल्यात म्हटले गेले की गरज मालकाने सिद्ध करायचीच आहे, पण ती खोटी असेल अशा गृहीतकाने सुरुवात करायला कोणताही आधार नाही. मुलाची गरज ही मालकाची स्वतःची गरज धरता येते, हे जोगिंदर पाल खटल्यात (२००२) स्पष्ट झाले. तिथे मुलगा चार्टर्ड अकाउंटंट होता आणि त्याला कार्यालय हवे होते. मागच्या गल्लीत दुकान असलेल्या मालकाला रस्त्यावरचे दुकान हवे असेल, तर ‘आहे तिथेच भागव’ असे भाडेकरू त्याला सांगू शकत नाही, असे अनिल बजाज खटल्यात (२०१४) ठरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये झारखंडच्या कन्हैयालाल आर्य खटल्यात दोन बेरोजगार मुलांसाठी सोनोग्राफीचे यंत्र लावायचे होते. तिथेही न्यायालयाने हेच म्हटले की कोणती जागा रिकामी करून घ्यायची हे मालकाने ठरवायचे.

मग आपल्या उदाहरणातल्या दुकानदाराने ‘मुलाकडे अजून औषध विक्रीचा परवाना कुठे आहे?’ असे विचारले तर? हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो आणि हमखास वाया जातो. तो परवाना विशिष्ट जागेसाठीच मिळतो. जागाच ताब्यात नाही तर अर्ज कोणत्या पत्त्यावर करायचा? ‘भांडवल कुठे आहे’, ‘अनुभव काय’ हे प्रश्नही त्याच जातीचे. मुलगा नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि औषधाच्या दुकानातच काम करतो, एवढ्याने न्यायालयाचे समाधान होते.

गरजेवर हल्ला करायचाच असेल तर तो तारखांवर करावा. समजा, याच इमारतीत मागच्या बाजूला आणखी एक गाळा आहे आणि तो मालकाने मोबाइल दुरुस्तीवाल्याला महिना १४,००० रुपयांवर लायसन्सने दिला आहे. हा गाळा कधी दिला? मुलगा बारावीत असताना दिला असेल, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मुलाची फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाल्यावर दिला किंवा करार वाढवला असेल, तर मात्र मालकाला त्याचे उत्तर द्यावे लागेल. मुलाला जागेची निकड होती, तर हाती आलेला गाळा परक्याला का दिला? यासाठी नोंदणी झालेल्या लायसन्स कराराची प्रत काढावी, नगरपालिकेचा असेसमेंट उतारा आणावा, वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते पाहावे. ‘मालकाकडे इतर बऱ्याच जागा आहेत’ असे मोघम वाक्य कैफियतीत असून भागत नाही. गाळा, त्याचे माप आणि तारीख हवी.

दावा चालू असताना परिस्थिती बदलली तर काय, या प्रश्नावर दोन निकाल जवळपास समोरासमोर उभे आहेत. १९८१ च्या हसमत राय खटल्यात मालकाला औषधाचेच दुकान काढायचे होते. प्रकरण चालू असताना त्याच इमारतीतला दुसरा मोठा भाग त्याच्या ताब्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, गरज शेवटपर्यंत टिकली पाहिजे, आणि भाडेकरू वाचला. वीस वर्षांनी, गयाप्रसाद खटल्यात (२००१) मालकाच्या डॉक्टर मुलाला दवाखाना काढायचा होता. दोन दशकांहून अधिक काळ खटला रेंगाळला, तेवढ्यात मुलगा सरकारी नोकरीत गेला. भाडेकरू म्हणाला, आता गरज उरली नाही. न्यायालयाने ते मानले नाही. गरज अर्जाच्या दिवशी होती की नाही हे पाहायचे. नंतरच्या घटनेने ती पूर्णपणे पुसली जात असेल तरच तिचा विचार करायचा, अशी भूमिका घेतली.

आम्हाला यात विसंगती वाटत नाही. मालकाला जागा मिळाली, तर गरज खरोखर भागते. मुलाने वाट पाहून पोटापाण्यासाठी नोकरी धरली, तर गरज भागत नाही, फक्त लांबणीवर पडते. विलंबाचा फायदा ज्याच्या ताब्यात जागा आहे त्यालाच आपोआप मिळू नये, हे तत्त्व योग्यच आहे. म्हणून दावा चालू असताना मागचा गाळा रिकामा झाला, तर दुकानदाराने त्याच आठवड्यात कैफियत दुरुस्तीचा अर्ज द्यावा. मुलाने नोकरी बदलली म्हणून अर्ज देण्यात अर्थ नाही.

आता हालांच्या तुलनेकडे, म्हणजे १६(२) कडे येऊ. इथे भाडेकरूला गरज नाकारावी लागत नाही. ‘तुमची गरज खरी असेलही, पण माझे हाल जास्त आहेत’ असे त्याला म्हणता येते. पण हे म्हणणे पुराव्यावर उभे करावे लागते. मोहम्मद अयुब खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेत भरले ते हेच की भाडेकरूने दुसरी जागा शोधण्याचा प्रयत्नच केला नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक कैफियतींची हीच गत आहे. ‘गावात दुसरी जागा मिळत नाही’ असे लिहिलेले असते, आणि उलटतपासणीत ‘किती ठिकाणी चौकशी केली?’ या प्रश्नावर दुकानदार गप्प होतो. नोटीस आल्यापासून त्याने काय करायला हवे? मुख्य रस्त्यावरच्या गाळ्यांच्या मालकांना, दलालांना लेखी विचारावे, आलेली उत्तरे जपावीत, मागितलेले भाडे आणि अनामत लिहून ठेवावी. दुकानाचे उत्पन्न, प्राप्तिकराची विवरणपत्रे, घरात कमावते किती, नोकर किती, हे मांडावे. लांब गेल्यास नेमके काय तुटते तेही सांगावे. वह्या-पुस्तकांच्या धंद्याची मोठी विक्री जूनमध्ये होते आणि ती शाळा समोर असल्यामुळे होते. दोन किलोमीटरवरच्या नव्या बसस्थानकापाशी तेच दुकान नेले, तर मालाचे फक्त कपाट हलते, गिऱ्हाईक मागेच राहते.

याची दुसरी बाजूही आहे. समजा, उलटतपासणीत निघाले की नव्या बसस्थानकापाशी दुकानदाराच्या पत्नीच्या नावे एक गाळा आहे आणि तो कुलूपबंद आहे. हे त्याने कैफियतीत सांगितले नव्हते. मालकाने गाळा लपवला तर आपण त्याला दोष देतो. भाडेकरूलाही वेगळे माप लावता येणार नाही. दोघांकडे दुसरी वाजवी जागा आहे का, हे कलमाने दोघांनाही विचारले आहे. म्हणजे हा गाळा दुकानदाराच्या विरुद्ध जातो, मात्र तो शाळेपासून किती दूर आहे हे सांगायला त्याला मोकळीक आहे.

इथे आम्हाला न्यायालयांच्या सवयीबद्दलही थोडे बोलायचे आहे. गरज सिद्ध झाली की हालांचा मुद्दा पुष्कळदा एका परिच्छेदात उरकला जातो: भाडेकरूने जागा शोधली नाही, सबब मालकाचे हाल जास्त. शोध न घेणे ही महत्त्वाची गोष्ट आहे, पण तीच एकमेव नव्हे. कलमात ‘सर्व परिस्थिती’ पाहायला सांगितले आहे. पागडी या परिस्थितीत मोडते की नाही? कलम ५६ ने पागडीची देवघेव कायदेशीर केली. आजच्या कितीतरी दुकानदारांनी किंवा त्यांच्या वडिलांनी मालकाच्या संमतीने मोठी रक्कम मोजून ही जागा घेतली आहे, आणि त्याची पावती बहुधा नसते. बोनाफाईड गरजेपायी जागा गेली, तर ती रक्कम परत मिळण्याची तरतूद कायद्यात नाही. मालकाने एकदा किंमत घ्यावी आणि मग गरजेच्या नावाने जागाही घ्यावी, हे हालांच्या हिशेबात मोजायला हवे. उलट, ज्याने पागडी दिली नाही आणि पंचेचाळीस वर्षे ९०० रुपयांच्या आसपास भाडे देऊन मुख्य रस्त्यावर धंदा केला, त्याला बराच काळ स्वस्त जागेचा लाभ झाला, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. गोठवलेली भाडी अन्यायकारक ठरत चालली आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात बजावले होते, आणि ते महाराष्ट्राच्याच कायद्याबद्दल होते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती अंशतः ताब्याची तरतूद. भाडेकरू ती मागायला घाबरतो, कारण अर्धे दुकान देऊ केले तर मालकाची गरज कबूल केल्यासारखे होईल असे त्याला वाटते. ही भीती निराधार आहे. ‘गरज नाही, असलीच तर अमुक एवढ्या भागात भागते’ असे पर्यायी म्हणणे कैफियतीत मांडता येते. आपल्या उदाहरणात तर त्याला चांगला आधार आहे. औषधाच्या किरकोळ दुकानाला नियमाप्रमाणे किमान १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट जागा लागते. दुकान ३६० चौरस फुटांचे, शटर दोन. मधोमध भिंत घातली तर दोघांच्या वाट्याला रस्त्यावरचे दहा-दहा फूट आणि १८० चौरस फूट येतात. मालक म्हणेल की किमान जागा म्हणजे पुरेशी जागा नव्हे, फ्रीज, साठा, काउंटर यांना अधिक लागते. मग त्याने ते मोजून दाखवावे. दुकानदाराने कोर्ट कमिशनर नेमून नकाशा करून घ्यावा, भिंत, वीजमीटर आणि पोटमाळा यांची वाटणी कशी होईल ते कागदावर आणावे. नकाशाशिवाय न्यायाधीश अंदाजाने विभागणी करणार नाहीत, आणि करूही नयेत. एकच शटर असलेल्या आठ फुटी दुकानात मात्र हा मुद्दा रेटण्यात हशील नाही.

हुकूमनामा झालाच तर अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे आणि इतरत्र जिल्हा न्यायालयात जाते. दुसरे अपील नाही, उच्च न्यायालयात मर्यादित फेरतपासणी होते. आणि इथे खर्चाचा एक मोठा बदल होतो, जो दुकानदाराला आधी कुणी सांगत नाही. आत्माराम प्रॉपर्टीज खटल्यापासून (२००४) अपिलात स्थगिती देताना न्यायालये बाजारभावाजवळची वापर-भरपाई दरमहा भरायला सांगू शकतात. ९०० रुपयांवर लढलेला माणूस अपिलात १५-२० हजारांवर लढू लागतो. वेळकाढूपणा हा ज्याचा एकमेव बचाव आहे, त्याने हे आकडे सुरुवातीलाच पाहावेत.

ताबा गेल्यावरही कलम १७ उरते. मालकाने महिन्याभरात जागा वापरात आणली नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू १३ महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. कल्पना चांगली, मुदत तोकडी. ज्याने दहा वर्षे दावा लढवला, त्याला एक वर्ष औषधाचा फलक लावून बसणे जड नाही. ही मुदत किमान तीन वर्षांची करावी आणि वर्षभर मोजून वापर दाखवण्याचा भार मालकावर टाकावा, अशी आमची सूचना आहे. खरी गरज असलेल्या मालकाचे यात काहीच बिघडत नाही. तोवर दुकानदाराने ताबा दिल्याच्या दिवसापासून तारखेसह छायाचित्रे आणि दुकानाच्या नोंदणीची माहिती गोळा करत राहावे.

आता आपल्या दाव्याचा निकाल. मागचा गाळा मुलगा शिकत असताना दिला असेल, तर मालकाची गरज आम्ही खरी मानू. तो गाळा रस्त्यावर नाही, म्हणून तो पर्यायही ठरत नाही. दुकानदाराने पत्नीचा गाळा लपवला आणि जागा शोधली नाही, म्हणून त्याचे हाल जास्त आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण दोन शटर, वीस फुटी दर्शनी भाग आणि १८० चौरस फुटांत बसणारे औषधाचे दुकान हे सगळे समोर असताना पूर्ण दुकानाचा हुकूमनामा कलमाच्या शब्दांत बसत नाही. पूर्वेकडचा अर्धा भाग मालकाला, उरलेला दुकानदाराकडे, भाडे त्या प्रमाणात कमी, आणि भिंतीचा खर्च मालकाचा.